भागीदारीतल्या नफावाटपाचं उत्तर कसं तपासावं? भांडवलावर व्याज आणि एका भागीदाराला पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येणारे बहुतेक प्रश्न एकाच जागी अडतात. गणित सोडवून झालेलं असतं, उत्तर समोर असतं, पण ते बरोबर आहे की नाही हे पुस्तकाची शेवटची पानं न उघडता ठरवता येत नाही. म्हणून इथे सोडवण्यापेक्षा तपासण्यावर भर आहे. सगळ्या प्रश्नांत एकच उदाहरण वापरलं आहे, त्यामुळे आधी पहिला प्रश्न वाचा. बाकीचे हवे त्या क्रमाने वाचले तरी चालतील.

1. आधी उदाहरण एकदा सरळ सोडवून दाखवाल का?

अ आणि ब असे दोन भागीदार. वर्षाच्या सुरुवातीचं भांडवल अ चं 4,00,000 आणि ब चं 2,50,000. भांडवलावर द.सा.द.शे. 8 व्याज द्यायचं आहे. ब ला दरमहा 5,000 पगार आहे. नफा-तोट्याचं प्रमाण 3:2. व्याज आणि पगार धरण्यापूर्वीचा वर्षाचा निव्वळ नफा 2,12,000.

अ चं व्याज 32,000, ब चं 20,000, म्हणजे एकूण व्याज 52,000. ब चा वर्षाचा पगार 60,000. या दोन्हींची बेरीज 1,12,000. ती नफ्यातून वजा केली की 1,00,000 उरतात आणि 3:2 हे प्रमाण फक्त या उरलेल्या रकमेलाच लागतं. त्यातले 60,000 अ ला आणि 40,000 ब ला.

| | अ | ब | एकूण |
|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज | 32,000 | 20,000 | 52,000 |
| पगार | – | 60,000 | 60,000 |
| उरलेला नफा (3:2) | 60,000 | 40,000 | 1,00,000 |
| एकूण | 92,000 | 1,20,000 | 2,12,000 |

नफा-तोटा विनियोजन खात्यात हेच आकडे नावे बाजूला येतात आणि जमा बाजूला 2,12,000 असतात. पण तपासायला खात्यापेक्षा असा तक्ता सोयीचा पडतो, कारण प्रत्येक भागीदाराचा स्तंभ वेगळा दिसतो.

2. दोघांची बेरीज नफ्याइतकी आली. मग उत्तर बरोबरच असणार ना?

नाही. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. बेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की नफ्यातला एकही पैसा हरवला नाही आणि एकही दोनदा वाटला गेला नाही. तो योग्य माणसाकडे गेला का, हे बेरजेला कळत नाही.

समजा प्रमाण उलटं धरलं. मग अ ला 72,000 आणि ब ला 1,40,000 येतात. बेरीज 2,12,000. पगार चुकून अ ला दिला तर अ ला 1,52,000 आणि ब ला 60,000. बेरीज पुन्हा 2,12,000. पगार वर्षाचा न घेता एकाच महिन्याचा घेतला तर उरलेला नफा 1,55,000 होतो, अ ला 1,25,000 आणि ब ला 87,000 मिळतात. बेरीज तरीही 2,12,000.

दुसरी एक सवय तर ही तपासणी पूर्ण निकामी करते. काही जण अ चा हिस्सा काढतात आणि ब चा हिस्सा ‘2,12,000 वजा अ’ असा लिहून मोकळे होतात. मग बेरीज जुळणारच, कारण ती जुळवूनच घेतली आहे. दोघांचे हिस्से स्वतंत्रपणे काढले असतील, तरच बेरजेची साक्ष ग्राह्य धरा.

3. मग दुसरी तपासणी कोणती करायची?

उलट चाला. प्रत्येकाच्या एकूण रकमेतून त्याचं व्याज आणि पगार वजा करा. जे उरतं ते नफ्याच्या प्रमाणात असलं पाहिजे.

अ: 92,000 – 32,000 = 60,000. ब: 1,20,000 – 20,000 – 60,000 = 40,000. 60,000 : 40,000 म्हणजे 3:2. जुळलं.

यात एक पथ्य मात्र कसोशीने पाळायचं. वजा करायचे आकडे आपल्या उत्तरातून उचलायचे नाहीत, प्रश्न पुन्हा वाचून नव्याने काढायचे. एका महिन्याच्या पगाराची चूक बघा. आपल्याच तक्त्यातला 5,000 चा आकडा वजा केला तर ब कडे 62,000 आणि अ कडे 93,000 उरतात, प्रमाण 3:2 येतं आणि चूक निसटते. पण प्रश्न पुन्हा वाचून 60,000 वजा केले तर ब कडे फक्त 7,000 उरतात आणि चूक उघडी पडते. पगार भलत्याला दिला असेल तर याच पद्धतीने ब कडे उणे 20,000 उरतात.

4. पूर्ण वेगळ्या वाटेने उत्तर काढून पाहता येईल का? तीच आकडेमोड दुसऱ्यांदा केली तर चूकही दुसऱ्यांदा होते.

येतं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची तपासणी आहे. आधी व्याज-पगार काहीच नाही असं समजा आणि सगळा नफा 3:2 मध्ये वाटा. अ ला 1,27,200, ब ला 84,800. आता व्याज आणि पगाराने या रकमा किती हलतात तेवढंच पाहा.

पगारापासून सुरू करू. ब ला 60,000 मिळाले, पण ते आले कुठून? संस्थेच्या नफ्यातून, आणि त्या नफ्यात ब चा स्वतःचा 2/5 वाटा होता. म्हणजे 60,000 पैकी 24,000 त्याच्याच हिश्शातून गेले. त्याचा खरा फायदा 36,000, आणि हे 36,000 अ च्या हिश्शातून आले, कारण 60,000 चा 3/5 म्हणजे 36,000.

आता व्याज. अ ला 32,000 मिळाले, पण एकूण 52,000 व्याजाचा 3/5 भार, म्हणजे 31,200, त्यानेच उचलला. निव्वळ फायदा फक्त 800. तेवढेच 800 ब ने गमावले: मिळाले 20,000, भार 20,800.

आता जोडा. अ: 1,27,200 – 36,000 + 800 = 92,000. ब: 84,800 + 36,000 – 800 = 1,20,000. पहिल्या पद्धतीने आलेलीच उत्तरं, आणि ‘उरलेला नफा 1,00,000’ हा आकडा कुठेही न वापरता.

या पद्धतीमुळे उत्तराचा अंदाजही आधीच बांधता येतो. पगार घेणारा भागीदार नुसत्या प्रमाणाने मिळणाऱ्या रकमेच्या वर जाणार, पण पूर्ण पगाराइतका नाही. कुणाच्या उत्तरात ब बरोबर 60,000 ने वर गेलेला दिसला, तर पगाराचा भार त्याच्या हिश्शावर पडलेलाच नाही, हे आकडे न तपासताही कळतं.

5. बेरीजच जुळत नाही. चूक कुठून शोधायला सुरुवात करू?

फरकाच्या आकड्यापासून. फरक किती आहे यावरून चूक कुठली ते बहुतेक वेळा कळतं.

बेरीज 3,24,000 आली, म्हणजे 1,12,000 जास्त, तर सगळा नफा 3:2 मध्ये वाटून वर व्याज आणि पगार दिला गेला आहे. आधी वजा करायचं राहून गेलं. फक्त 60,000 जास्त असतील तर पगार ब ला दिला, पण नफ्यातून काढला नाही. 60,000 कमी असतील तर उलट: नफ्यातून काढला, पण ब च्या स्तंभात लिहायचा राहिला. फरक 1,20,000, म्हणजे पगाराच्या दुप्पट आला, तर पगार वजा करण्याऐवजी नफ्यात मिळवला गेला आहे. व्याजाच्या बाबतीतही 52,000 आणि 1,04,000 हे आकडे असंच सांगतात.

फरक यांपैकी कशाशीच जुळत नसेल, तर बेरीज-वजाबाकीची साधी चूक शोधा. फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल तर एखाद्या संख्येतल्या अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते, जसं 32,000 च्या जागी 23,000.

6. बेरीज जुळते, पण माझं उत्तर जेमतेम 800 ने वेगळं येतं. एवढा फरक आकडे पूर्णांकात घेतल्यामुळे पडतो का?

नाही, कारण या उदाहरणात अपूर्णांक कुठेच येत नाहीत. तुमचं उत्तर अ 91,200 आणि ब 1,20,800 असेल, तर तुम्ही भांडवलावरचं व्याज पूर्णच विसरला आहात. पगार 60,000 वजा केला, उरलेले 1,52,000 थेट 3:2 मध्ये वाटले.

52,000 ची गोष्ट विसरून उत्तर फक्त 800 ने का चुकलं, याचं कारण चौथ्या प्रश्नात आहे. भांडवलाचं प्रमाण 8:5, म्हणजे 1.6 पट, आणि नफ्याचं 3:2, म्हणजे 1.5 पट. दोन्ही जवळजवळ सारखी. त्यामुळे ज्याला जितकं व्याज मिळतं, साधारण तितकाच भार तो उचलतो. भांडवलं 3,90,000 आणि 2,60,000 असती, म्हणजे प्रमाण नेमकं 3:2 असतं, तर व्याज धरा की न धरा, दोघांच्या एकूण रकमेत काडीचाही फरक पडला नसता. नफा पुरेसा असताना व्याजाचा परिणाम होतो तो भांडवलाचं आणि नफ्याचं प्रमाण वेगळं असतं तेवढ्यापुरताच. म्हणून ‘उत्तराच्या अगदी जवळ आलोय’ यावर विसंबू नका.

याचा चुलतभाऊ म्हणावा असा आणखी एक घोटाळा आहे: उरलेला नफा करारातल्या प्रमाणाऐवजी भांडवलाच्या प्रमाणात वाटणं. तेव्हा अ ला सुमारे 93,538 येतात. जिथे सगळे आकडे पूर्ण हजारांत असायला हवेत तिथे असा वेडावाकडा आकडा आला की पहिला संशय प्रमाणावर घ्यावा.

7. प्रश्नात ‘पगार वजा जाता नफा 1,52,000’ असं दिलं आहे. पगार पुन्हा वजा करायचा का?

करायचा नाही. पगार आधीच नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून गेला आहे. दोन मार्ग आहेत. 60,000 परत मिळवून 2,12,000 करा आणि पहिल्या प्रश्नासारखं सोडवा. किंवा 1,52,000 मधून फक्त व्याज वजा करा, 1,00,000 उरतील. दुसरा मार्ग घेतला तर बेरीज तपासताना ब चा पगार बाजूला ठेवा: अ 92,000 आणि ब 60,000, मिळून 1,52,000. ब च्या खात्यात पगार वेगळा जमा होऊन त्याचे 1,20,000 होतातच.

उरलेला नफा 40,000 आला असेल तर पगार दोनदा वजा झाला आहे. प्रश्न वाचताना ‘पूर्वीचा’, ‘नंतरचा’, ‘वजा जाता’, ‘विचारात न घेता’ हे शब्द अधोरेखित करा. सगळं गणित त्यांच्यावर उभं असतं.

8. व्याज कोणत्या भांडवलावर काढायचं? वर्षामध्ये भांडवल आणलं असेल तर?

सुरुवातीच्या भांडवलावर, आणि मध्ये आणलेल्या रकमेवर ती जितका काळ धंद्यात होती तितकंच. अ ने सहा महिने उलटल्यावर 1,00,000 आणखी आणले असं धरा. त्यावर सहा महिन्यांचं व्याज 4,000. अ चं व्याज 36,000 होतं, उरलेला नफा 96,000, हिस्से 57,600 आणि 38,400. एकूण अ 93,600, ब 1,18,400.

तपासणी चौथ्या प्रश्नातल्या पद्धतीने एका ओळीत होते: 4,000 चा 2/5 भार ब वर, म्हणजे अ 1,600 ने वर आणि ब 1,600 ने खाली. अ बरोबर 4,000 ने वाढला असेल, तर नवीन व्याज नफ्यातून वजा करायचं राहिलं आहे.

ताळेबंदातून भांडवल उचलताना जास्त सावध राहा. तिथलं भांडवल वर्षअखेरचं असतं आणि त्यात बहुधा नफा जमा आणि उचल वजा झालेली असते. अ चं अखेरचं भांडवल 4,42,000 दिलं आहे, त्यात या वर्षाचे 92,000 जमा आहेत आणि 50,000 ची उचल वजा आहे, तर सुरुवातीचं भांडवल 4,42,000 – 92,000 + 50,000 = 4,00,000. नफा अजून जमा झालेला नसेल, तर तो वजा करायचा नाही, फक्त उचल परत मिळवायची.

9. उचलीवर व्याज असेल तर बेरीज कशाशी जुळवायची?

निव्वळ 2,12,000 शीच. उचलीवरचं व्याज भागीदाराने संस्थेला द्यायचं असतं, म्हणून ते वाटायच्या रकमेत मिळतं आणि त्या त्या भागीदाराच्या स्तंभातून वजा होतं. अ चं 1,000 आणि ब चं 4,000 असेल तर उरलेला नफा 1,05,000 होतो. अ: 32,000 + 63,000 – 1,000 = 94,000. ब: 80,000 + 42,000 – 4,000 = 1,18,000. बेरीज 2,12,000. ती 2,17,000 आली तर भागीदारांच्या स्तंभातून व्याज वजा करायचं राहिलं.

10. ब ने पगार दरमहा घेतलाच आहे. मग तो वाटपात पुन्हा का दाखवायचा?

वाटप आणि पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटपात ठरतं की वर्षाच्या नफ्यातलं किती ब चं. त्याने आधी घेतलेले 60,000 त्याच्या चालू खात्यात नावे पडतात. वाटपातलं उत्तर 1,20,000 च राहतं. खात्यात त्याचं येणं मात्र 60,000 उरतं. प्रश्नात ‘हिस्सा’ विचारला आहे की ‘खात्यातली शिल्लक’, हे पाहून उत्तर लिहा.

11. नफा व्याज आणि पगाराला पुरतच नसेल तर? दोन पुस्तकांत दोन उत्तरं दिसतात.

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ती दोन वेगळ्या करारांची उत्तरं आहेत. नफा 2,12,000 ऐवजी 84,000 झाला असं धरू. द्यायचे आहेत 1,12,000.

करारात फक्त ‘व्याज आणि पगार द्यावा’ एवढंच असेल, तर भारतातल्या लेखापद्धतीत हे दोन्ही नफ्याचं वाटप मानलं जातं आणि ते नफा असेल तितकंच देता येतं. तेव्हा जितका नफा आहे तो हक्काच्या प्रमाणात वाटायचा. अ चा हक्क 32,000, ब चा 80,000, म्हणजे 2:5. अ ला 24,000, ब ला 60,000. दुसऱ्या बाजूने पाहा: 84,000 हे 1,12,000 च्या पाऊणपट आहेत, म्हणून प्रत्येक बाब पाऊणपट झाली पाहिजे. अ चं व्याज 24,000. ब चं व्याज 15,000 आणि पगार 45,000. जुळलं. इथे 3:2 चा संबंधच येत नाही, आणि सवयीने तेच प्रमाण लावणं ही इथली नेहमीची चूक आहे.

करारात ‘नफा असो वा नसो, व्याज आणि पगार द्यावाच’ असं असेल, तर ते नफ्यावरचा भार ठरतात. मग 1,12,000 पूर्ण द्यायचे आणि तुटलेले 28,000 नफा-तोट्याच्या 3:2 प्रमाणात दोघांनी सोसायचे: अ 16,800, ब 11,200. अ: 32,000 – 16,800 = 15,200. ब: 80,000 – 11,200 = 68,800. बेरीज 84,000.

दोन्ही पद्धतींत बेरीज नफ्याइतकीच येते, त्यामुळे इथे बेरजेची तपासणी काहीच निवाडा करत नाही. निवाडा करारातल्या वाक्याचा. परदेशी अभ्यासक्रमांच्या पुस्तकांत बरेचदा दुसरी पद्धत कुठलाही उल्लेख न करता वापरलेली असते, म्हणून पुस्तक कुठल्या अभ्यासक्रमाचं आहे तेही पाहून घ्या.

12. नफ्याऐवजी तोटाच झाला तर?

वाटपाच्या पद्धतीत व्याज नाही आणि पगार नाही. तोटा 3:2 मध्ये. भाराच्या पद्धतीत दोन्ही द्यायचे आणि त्यामुळे वाढलेला तोटा 3:2 मध्ये.

13. करारात व्याजाचा किंवा पगाराचा उल्लेखच नाही, पण एक भागीदार दिवसभर काम करतो. त्याला काहीतरी धरायला हवं ना?

वाटणं साहजिक आहे, पण गणितात धरायचं नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 प्रमाणे वेगळा करार नसेल तर कामाबद्दल भागीदाराला मोबदला मिळत नाही आणि नफा समान वाटला जातो. भांडवलावर व्याज मिळायचं तर तसा करार लागतो, आणि तसा करार असला तरी, त्यात वेगळं काही ठरलं नसेल तर, ते केवळ नफ्यातूनच देय असतं. अकराव्या प्रश्नातल्या पहिल्या पद्धतीचा आधार हाच. आपल्या उदाहरणात करार अगदी गप्प असता, प्रमाणाबद्दलसुद्धा, तर उत्तर 1,06,000 आणि 1,06,000.

याच कलमात एक अपवाद आहे आणि तो फसवतो. भागीदाराने भांडवलाखेरीज संस्थेला जास्तीची रक्कम दिली असेल, तर करार नसतानाही तिच्यावर द.सा.द.शे. 6 व्याज मिळतं. हे कर्जावरचं व्याज आहे, भांडवलावरचं नाही. ते नफा-तोटा खात्यातच खर्च म्हणून जातं, विनियोजन खात्यात नाही. ब ने वर्षभर 50,000 कर्जाऊ दिले असतील आणि 2,12,000 हा नफा त्यावरच्या व्याजापूर्वीचा असेल, तर आधी 3,000 वजा करून 2,09,000 घ्या. त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या 2,09,000 शी करा.